'एकदम कडक गाडी' म्हणजे नेमकं काय? जुन्या गाडीची पोस्ट कशी लिहावी आणि कशी वाचावी

परभणीत जुन्या गाड्यांचा व्यवसाय करणाऱ्यांकडून दर आठवड्याला व्हॉट्सअ‍ॅपवर नवी यादी येते. मजकूर साधारण असा असतो : "2017 डिझायर डिझेल, एकदम कडक गाडी, कमी चाललेली, नॉन-अ‍ॅक्सिडेंट, पेपर ओके, किंमत बोलण्यात. लवकर संपर्क करा." खाली आठ-दहा फोटो, त्यातले चार एकाच बाजूचे.

हा मजकूर पुन्हा वाचा. तपासून बघता येईल अशी माहिती त्यात जेमतेम दोनच आहे : मॉडेल आणि इंधन. 'कडक' म्हणजे काय, 'कमी' म्हणजे किती आणि 'ओके' कुणी ठरवलं, हे जिंतूर किंवा गंगाखेडहून चाळीसेक किलोमीटर येणाऱ्या माणसाला गाडीसमोर उभं राहिल्यावरच कळतं. त्याचा दिवस जातो, सोबत आणलेल्या मेकॅनिकची मजुरी जाते. नुकसान विकणाऱ्याचंही होतं. चाळीस फोन येतात, प्रत्येकाला तेच पाच प्रश्न सांगत बसावं लागतं आणि गाडी तिथेच उभी राहते.

म्हणून माझं मत सरळ आहे. जुन्या गाडीच्या पोस्टमधल्या प्रत्येक वाक्यामागे एक कागद, एक फोटो किंवा एक तपासणी असली पाहिजे. ज्यामागे यातलं काहीच नाही, ते वाक्य काढून टाकावं. हे कसं करायचं, ते याच डिझायरवर बघू. गाडी काल्पनिक आहे, पण अशा गाड्या बाजारात रोज दिसतात.

'2017 मॉडेल' : नेमकं कोणतं?

आपल्याकडे 'मॉडेल' हा शब्द वर्षासाठी वापरतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. आरसीवर दोन वेगळ्या नोंदी असतात : गाडी कारखान्यात बनली तो महिना आणि आरटीओत नोंदली गेली ती तारीख. समजा, आपली गाडी डिसेंबर 2016 मध्ये बनली आणि मार्च 2017 मध्ये तिचं पासिंग झालं. विकणारा '2017' लिहितो, घेणारा घासाघीस करताना '2016' म्हणतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि वाद मात्र वीस हजारांचा होतो.

डिझायरच्या बाबतीत हा फरक आणखी मोठा आहे. नव्या आकाराची डिझायर मे 2017 मध्ये बाजारात आली. म्हणजे मार्च 2017 ला पासिंग झालेली गाडी जुन्या आकाराची आहे. नुसतं '2017 डिझायर' वाचून नव्या आकाराची गाडी बघायला आलेला माणूस गेटवरूनच परत फिरतो. मार्केटमधली पत जाते ती अशा वेळी. म्हणून लिहायचं असं : "मेकिंग डिसेंबर 2016, पासिंग मार्च 2017, जुना आकार, व्हीडीआय." याने पहिल्याच ओळीत अर्धे चुकीचे फोन कमी होतात.

'पेपर ओके' : कोणते पेपर?

या दोन शब्दांत चार वेगळ्या गोष्टी लपतात. पहिली, आरसीची मुदत. खासगी कारची नोंदणी 15 वर्षांची असते, म्हणजे आपल्या गाडीची मार्च 2032 पर्यंत. दुसरी, मालक कितवा. तिसरी, कर्जाचा बोजा. कर्ज फिटलं तरी बँकेचं नाव आरसीवर तसंच राहिलेलं असू शकतं. ते काढायला बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 लागतो. तो झाला नसेल तर गाडी नावावर होताना अडकते. चौथी, इन्शुरन्स. तो पूर्ण आहे की फक्त थर्ड पार्टी आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे दोन्ही लिहावं लागतं. "नो क्लेम बोनस मिळेल" असं मात्र लिहू नये. तो बोनस गाडीचा नसून आधीच्या मालकाचा असतो आणि त्याच्याच सोबत जातो.

पासिंगची पाटीही स्पष्ट हवी. परभणीचं एमएच 22, नांदेडचं एमएच 26, हिंगोलीचं एमएच 38. राज्यातल्या राज्यात फार फरक पडत नाही. पण स्वस्तात मिळालेली दिल्ली पासिंगची गाडी असेल, तर तिची एनओसी आली का, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरलाय की घेणाऱ्याने भरायचा, हे किमतीच्या शेजारीच लिहायला हवं. दिल्लीत डिझेल गाड्यांना दहा वर्षांची मर्यादा घातल्याने तशा गाड्या इतर राज्यांत येतात. त्यात गैर काही नाही. टॅक्सचा आकडा शेवटच्या बैठकीत काढणं मात्र गैर आहे.

वाचकाने काय करावं? गाडीचा नंबर मागावा आणि mParivahan अ‍ॅपवर टाकावा. नोंदणीची तारीख, इंधन, इन्शुरन्सची मुदत तिथे दिसते. सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल आणि इंधनाच्या रकान्यात फक्त पेट्रोल दिसत असेल, तर किटची नोंद झालेली नाही. पुढे इन्शुरन्सच्या क्लेमला तेच नडतं. नंबर द्यायलाच जो नकार देतो, त्याची 'पेपर ओके' ही ओळ खोडलेली समजा.

'कमी चाललेली' : किती आणि कशावरून?

मीटरवरचा आकडा हा मीटरचा आकडा असतो, गाडी खरंच तेवढी चालली याचा पुरावा नसतो. मीटर मागे फिरवता येतं, हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. म्हणून आकडा एकटा लिहू नये, त्याला साक्षीदार जोडावा : "मीटरवर 78,400. शेवटचं सर्व्हिस बिल 71,200 किलोमीटरचं, ऑक्टोबर 2022, बिल दाखवू." बिल नसेल तर तसंही लिहावं : "मीटरवर 78,400, सर्व्हिसची नोंद उपलब्ध नाही." हे वाक्य कमजोर वाटतं, पण खोटं ठरत नाही.

टायरचंही तसंच. "टायर नवीन" न लिहिता टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचावेत. 2318 म्हणजे 2018 सालचा 23 वा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी त्या टायरचं वय लपत नाही. त्या चार आकड्यांचा एक जवळचा फोटो दहा विशेषणांचं काम करतो.

'नॉन-अ‍ॅक्सिडेंट' : हा शब्द सोडाच

डीलरकडे येईपर्यंत गाडी दोन-तीन हातांतून गेलेली असते. ती कधीच ठोकली नाही याची खात्री त्याला देता येत नाही. मग त्याने आपण काय बघितलं तेवढंच लिहावं. बोनेट आणि दारांच्या नटांवर पाना लागल्याच्या खुणा आहेत का, रबर बीडिंग काढून बघितल्यावर पिलरवर कंपनीचे स्पॉट वेल्ड जागेवर आहेत का, रंगाच्या जाडीचं मशीन सगळ्या पत्र्यांवर सारखं वाचन देतं का. कंपनीचा रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉनच्या आसपास भरतो. एकाच दारावर आकडा 300 च्या पुढे गेला, तर तिथे रंगकाम झालंय, बहुधा खाली लांबीही भरली आहे.

आपल्या गाडीत डाव्या बाजूचं पुढचं दार आणि फेंडर रंगवलेलं निघालं. पिलर आणि चेसिस ठीक. हे लपवण्यासारखं नाही. गल्लीबोळात फिरणाऱ्या गाडीला असा ओरखडा लागतोच. लपवलं तर घेणाऱ्याला शंका येते की आत आणखी काय असेल.

सगळं जोडल्यावर पोस्ट अशी दिसते

"स्विफ्ट डिझायर व्हीडीआय डिझेल, जुना आकार. मेकिंग डिसेंबर 2016, पासिंग मार्च 2017, एमएच 26. दुसरा मालक. बोजा नाही. मीटर 78,400, शेवटचं बिल 71,200 चं. डावं पुढचं दार व फेंडर रंगवलेलं, पिलर-चेसिस मूळ. पुढचे टायर 2022 चे, मागचे 2018 चे, मागचे बदलावे लागतील. एसी चालू आहे, पण थंड व्हायला वेळ लागतो. इन्शुरन्स फक्त थर्ड पार्टी. किंमत 4,35,000, ट्रान्सफरचा खर्च आमच्याकडे. नंबर व बिलांचे फोटो मागा, लगेच पाठवू."

ही पोस्ट मोबाइलच्या एका पडद्यावर मावते. दोष तीन सांगितलेत : रंगकाम, मागचे टायर, एसी. ते किमतीत धरलेले आहेत, त्यामुळे घासाघीसही त्याच मुद्द्यांवर नव्याने करता येत नाही.

"सगळं सांगितलं तर येणार कोण?"

हा डीलरांचा नेहमीचा प्रश्न आणि तो खोटा नाही. अशा पोस्टवर फोन कमी येतील. पण येणारा माणूस मागचे टायर बघून परत जाणार नाही, कारण ते त्याला घरीच माहीत होते. आठवड्याला आठ गाड्यांची यादी काढणाऱ्याला पन्नास फोन हवेत की चार गिऱ्हाइकं, हे त्यानेच ठरवावं.

दुसरी बाजू कायद्याची. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार वस्तूचं खोटं वर्णन करणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणारीही. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूर स्क्रीनशॉट बनून कायम राहतो. शिवाय 1 एप्रिल 2023 पासून लागू नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची माहिती फॉर्म 29 सी मध्ये कळवावी लागते. त्यानंतर गाडीची जबाबदारी त्याची. "मी फक्त मध्यस्थ, मालकाने सांगितलं ते लिहिलं" ही पळवाट त्याला उरत नाही.

एक सवय मात्र कायद्याशिवायही आजच सुटू शकते. विकलेली गाडी पुढच्या आठवड्याच्या यादीत फोन यावेत म्हणून ठेवू नका. सेलूहून निघालेल्या माणसाला "ती कालच गेली, पण दुसरी दाखवतो" असं एकदा ऐकवलं, की तुमची पुढची खरी पोस्टही तो उघडून बघत नाही.