आषाढातला हप्ता

मैत्रिणींनो, बचत गटाविषयी आपल्यात दोन सूर लागतात. एक कौतुकाचा, दुसरा ‘बाईला पुन्हा कर्जातच अडकवले’ असा. मांडव्याच्या किनाऱ्यावर काम करताना मला दोन्ही अपुरे वाटतात. मी एकच प्रश्न विचारते: आषाढात हप्ता चुकला तर काय होते?

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. पावसाळ्यात विकायला जवळा, बोंबील वैशाखातच सुकवून ठेवावे लागतात. पैसा तेव्हा हवा असतो, परत येतो तो हळूहळू.

समजा, गटात १५ जणी आहेत आणि प्रत्येकीची बचत महिना १०० रुपये. वर्षाला १८,००० जमले. एकीने शेकडा दोनने १०,००० उचलले. महिन्याला २०० रुपये व्याज, म्हणजे वर्षाचे चोवीस टक्के. कमी नव्हे! पण ते गटाच्याच पेटीत पडते. आणि आषाढाच्या बैठकीत ती म्हणू शकते, “आता व्याज घ्या, मुद्दल नारळी पुनवेनंतर देते.” बाकीच्या ऐकतात, कारण तिचा धंदा त्यांनी पाहिलेला असतो. अभ्यासक ज्याला सामाजिक भांडवल म्हणतात ते हेच. नाबार्डने १९९२ पासून गट बँकांना जोडले तेही याच भरवशावर.

पुढे कर्ज देणाऱ्या कंपन्या आल्या. त्यांनीही बायकांचे गट केले, पण बचतीसाठी नव्हे, एकमेकींना जामीन राहण्यासाठी. व्याज गावाबाहेर जाते, हप्ता ठरल्या दिवशीच. एकीचा चुकला की बाकीच्यांनी भरायचा. मग शेजारीणच तगादा लावते. ज्या ओळखीने सवलत मिळत होती, तीच ओळख इथे तारण होते.

सही करण्याआधी दर तपासा. १०,००० वर ‘सरळ बारा टक्के’ म्हणजे १,२०० व्याज आणि महिना सुमारे ९३३ चा हप्ता. पण मुद्दल दरमहा फिटत असते, त्यामुळे खरा दर एकवीस-बावीस टक्क्यांवर जातो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार वार्षिक खरा दर लेखी द्यावा लागतो, आणि घरातले सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. तो कागद मागाच.

चांगल्या गटालाही कुंपण आहे. त्याच्या पैशाने सुक्या मासळीची पाटी भरते. होडी आणि सातबारा मात्र बहुधा पुरुषाच्याच नावावर राहतो. इथल्या जमिनींवर बंगले उठले, त्या सौद्यांत गटाला कोण विचारते?

आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी कातकरीण? दरमहा हजेरी आणि दरमहा बचत या नियमाने ती आधीच बाहेर राहते. ती परतल्यावर सहा महिन्यांची बचत एकदम घ्यायला हरकत काय, असे मी एका गटात विचारले. बराच वेळ कुणी बोलले नाही. मग एकीने विचारले, “पण तिची ओळख कोण देणार?”