पुन्हा लगेच बसायचे की थांबायचे?

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री नऊ वाजता एका माजी विद्यार्थिनीच्या अम्मींचा फोन आला. मुलगी दहावीपर्यंत आमच्या उर्दू शाळेत होती, पुढे बी. फार्म झाली. ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाने तिला सप्टेंबरपासून एम.एस्सी.साठी प्रवेश देऊ केला होता, पण अट घालून. आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत एकूण 6.5 हवेत आणि ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे या चारपैकी कुठल्याही भागात 6 पेक्षा कमी नकोत. ही अट 31 जुलैच्या आत पुरी करायची होती.

निकाल असा होता : ऐकणे 7, वाचणे 6.5, लिहिणे 6, बोलणे 5.5. चारही भागांची सरासरी 6.25 येते. आयेल्ट्समध्ये 6.25 झाले की ते वर ओढून 6.5 धरतात. म्हणजे एकूण गुणांची अट पुरी झाली होती. अडले होते ते फक्त बोलण्याच्या अर्ध्या गुणावर.

"टीचर, घरात तीन मतं झाली आहेत," अम्मी म्हणाल्या. "तिचे अब्बा कुवेतहून म्हणतात, पुढच्याच आठवड्यात परत बस. क्लासवाले म्हणतात, नशीब वाईट होतं, लगेच फॉर्म भरा. आणि ती स्वतः म्हणते, मला इंग्रजी येतच नाही, हे वर्ष जाऊ दे."

मी विचारले, "बोलताना नेमके काय झाले, ते कोणी तिला विचारले का?" कोणीच विचारले नव्हते.

बोलण्याची ही परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते. समोर एक परीक्षक असतो आणि सगळे संभाषण रेकॉर्ड होते. आधी चार-पाच मिनिटे घर, शिक्षण, आवडीनिवडी यांवर साधे प्रश्न येतात. मग एक कार्ड हातात देतात, विचार करायला एक मिनिट मिळते आणि त्या विषयावर एक ते दोन मिनिटे एकट्याने बोलायचे असते. शेवटच्या चार-पाच मिनिटांत त्याच विषयावर जरा खोल चर्चा होते.

गुण चार गोष्टींना सारखे असतात : न अडखळता आणि सुसंगत बोलणे, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार. उच्चाराचे गुण आपल्या लहेजासाठी कापत नाहीत, समोरच्याला समजते की नाही ते पाहतात. परीक्षक प्रत्येक गोष्टीला पूर्ण अंकात गुण देतो आणि चारांची सरासरी काढतात. निकालावर मात्र ती सरासरी तेवढी छापलेली असते. कुठे कमी पडलो, ते कागद सांगत नाही.

5.5 म्हणजे चारांची बेरीज साधारण 22, उदाहरणार्थ 5, 6, 5, 6. सहासाठी बेरीज 24 लागते. म्हणजे या मुलीला कुठल्या तरी दोन गोष्टींत एकेक अंक वर चढायचे होते. हे तीन आठवड्यांत होईल की सहा महिन्यांत, ते त्या दोन गोष्टी कोणत्या आहेत यावर ठरते. लगेच बसायचे की थांबायचे, याचे उत्तर इथून शोधावे लागते. नशिबाला बोल लावून ते सापडत नाही.

रविवारी ती घरी आली. मी तिची सराव परीक्षा घेतली, मोबाइलवर रेकॉर्ड केली. पुढच्या दोन दिवसांत अजून दोन घेतल्या. अट एकच : कार्ड तिने आधी पाहिलेले नको आणि प्रश्न विचारणारा माणूस घरचा नको. एका परीक्षेवरून काही कळत नाही; त्या दिवशी घसा बसलेला असेल, विषय अवघड आला असेल. तिन्ही वेळा एकच गोष्ट दिसली तर ती खरी धरावी.

तिन्ही वेळा दिसले ते असे. पहिल्या भागात ती छान बोलली, कारण 'माझे गाव', 'माझे कुटुंब' पाठ होते. कार्डावर मात्र ती 55 सेकंद, 65 सेकंद आणि 50 सेकंद बोलून थांबली. शेवटच्या चर्चेत प्रत्येक प्रश्नाला दीड-दोन वाक्ये आणि मग माझ्याकडे पाहत गप्प. वाक्ये बहुतेक बरोबर होती, पण सगळी छोटी. 'कारण', 'जर', 'जेव्हा' यांनी जोडलेले वाक्य क्वचितच यायचे.

मग मी तिला तेच कार्ड उर्दूतून बोलायला सांगितले. विषय होता, 'कोणी तुम्हाला मदत केली तो प्रसंग'. घरात जी भाषा ती दिवसभर बोलते, त्या भाषेतही ती 70 सेकंदांत संपली! "चाचांनी फी भरली, मला बरं वाटलं, बस," एवढेच. फी का अडली होती, चाचांना कोणी सांगितले, ते कधी आले, तेव्हा ती काय म्हणाली, यातले काहीच नाही.

ही चाचणी माझी घरगुती आहे, परीक्षेच्या नियमांत कुठे लिहिलेली नाही. पण मला तिचा फार उपयोग होतो. मुलगा किंवा मुलगी मातृभाषेत दोन मिनिटे सहज बोलते आणि इंग्रजीत चाळीस सेकंदांत अडकते, तेव्हा कमतरता भाषेच्या साठ्याची असते. शब्द नसतात, क्रियापदांची रूपे डोक्यात जुळवावी लागतात. तो साठा वाढायला महिने लागतात, तिथे थांबावेच. मातृभाषेतही माणूस लवकर संपत असेल, तर कमतरता खुलवून सांगण्याच्या सवयीची असते. आपल्या शाळांत मुलांना विचारले तेवढेच उत्तर द्यायला शिकवतो आम्ही, दोष त्यांचा नाही. ही सवय काही आठवड्यांत बदलू शकते.

म्हणून मी अम्मींना म्हटले, वर्ष घालवू नका. पण पुढच्या आठवड्यातही बसवू नका. आज जे रेकॉर्डिंगमध्ये आहे, तेच परीक्षकाला पुन्हा ऐकू येईल.

आता वाटा कोणत्या होत्या ते पाहू. पहिली, फेरतपासणीची. परीक्षेच्या तारखेपासून सहा आठवड्यांच्या आत फी भरून अर्ज करता येतो. दुसरा वरिष्ठ परीक्षक रेकॉर्डिंग ऐकतो आणि गुण बदलले तर फी परत मिळते. सरावात सतत 6 किंवा 6.5 ऐकू येत असेल आणि निकाल 5.5 असेल, तर हा अर्ज जरूर करावा. इथे सरावही 5.5 च सांगत होता, म्हणून ती वाट आम्ही सोडली.

दुसरी, पूर्ण परीक्षा पुन्हा देण्याची. ती कधीही देता येते. पण तेव्हा चारही भाग नव्याने द्यावे लागतात. हिचे लिहिण्याचे गुण अगदी काठावर, 6 होते. मागे एका मुलाने असेच केले होते. बोलण्यात 5.5 आल्यावर दोन आठवड्यांत पूर्ण परीक्षा पुन्हा दिली. बोलण्याचे गुण तेच राहिले आणि लिहिण्याचे सहावरून साडेपाचावर आले. 18 हजारांच्या आसपास फी गेली आणि अडलेला भाग एकाचे दोन झाले. तो उर्दूत भरभरून बोलणारा मुलगा होता. त्याला इंग्रजीसाठी वेळ हवा होता, तारीख नव्हे. पुढे पाच महिने थांबून त्याने परीक्षा दिली, तेव्हा सुटला.

तिसरी वाट 'वन स्किल रीटेक'ची. संगणकावर पूर्ण परीक्षा दिली असेल, तर मूळ परीक्षेपासून 60 दिवसांच्या आत एकच भाग पुन्हा देता येतो. बाकी तीन भागांचे गुण तसेच राहतात आणि नवीन निकालपत्र मिळते. एका परीक्षेमागे ही संधी एकदाच असते. शिवाय प्रत्येक विद्यापीठ असे निकालपत्र स्वीकारतेच असे नाही. म्हणून फी भरण्याआधी विद्यापीठाला ईमेल करून लेखी उत्तर घ्यावे; एजंटच्या तोंडी 'चालते'वर राहू नये. हिला विद्यापीठाने स्वीकारतो असे लेखी कळवले.

तिची मूळ परीक्षा 14 जूनची. 60 दिवस 13 ऑगस्टला संपत होते, पण विद्यापीठाची मुदत 31 जुलै होती. निकाल हातात यायला काही दिवस धरले तर 22 जुलैच्या सुमारास बसणे भाग होते. आम्ही निर्णयाची तारीख 12 जुलै ठरवली. त्या दिवशी तीन नवी कार्डे द्यायची. तीनपैकी दोनांवर ती दीड मिनिटाच्या पुढे गेली आणि चर्चेत न विचारता कारण व उदाहरण देऊ लागली, तर फी भरायची. नाही तर विद्यापीठाला प्रवेश जानेवारीवर न्यायची विनंती करायची.

सराव रोज अर्धा तास होता. कार्ड हातात आल्यावर मिळणाऱ्या मिनिटात वाक्ये लिहायची नाहीत. चार शब्द लिहायचे : कुठे, कोण, काय घडले, मला काय वाटले. प्रत्येक शब्दावर निदान तीन वाक्ये बोलायची. रेकॉर्डिंग लगेच ऐकायचे, जिथे थांबली ती जागा वहीत लिहायची आणि तेच कार्ड दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलायचे. चर्चेच्या प्रश्नाला आधी मत, मग 'बिकॉज', मग एक उदाहरण, मग दुसरी बाजू. 'बिकॉज' आणि 'इफ' आले की वाक्य आपोआप लांब होते. त्यामुळे अडखळण्याबरोबर व्याकरणाचा अंकही वर सरकतो. हेच तर आपले दोन अंक. पाठ केलेली उत्तरे मी बंद केली. परीक्षकाला ती ओळखू येतात आणि तो विषय बदलतो. मग पाठ केलेल्यानंतरची शांतता जास्तच जाणवते.

पहिल्या आठवड्यात ती रडकुंडीला आली. स्वतःचा आवाज ऐकवत नव्हता. दुसऱ्या आठवड्यात चुका वाढल्या, कारण वाक्ये लांब झाली होती. अम्मी घाबरल्या. मी सांगितले, हे चांगले लक्षण आहे; लांब वाक्यात थोडी चूक झालेली चालते. 12 जुलैला तिन्ही कार्डे झाली : 1 मिनिट 40, 1 मिनिट 15 आणि 1 मिनिट 50. फी भरली.

बोलण्यात 6 आले. सात-साडेसात नाही, हवे तेवढेच. अब्बांचा फोन आला, "मी म्हटलंच होतं ना, लगेच बस!" अम्मी हसल्या. मी त्यांना एवढेच म्हटले, "भाईसाहब, पहिली तीन रेकॉर्डिंग तिच्या मोबाइलमध्ये अजून आहेत. आल्यावर एकदा ऐका."