पासबुकातल्या दोन तारखा

भुसावळच्या जामनेर रोडवरच्या एखाद्या एटीएममधून ३ तारखेला कुणी ५,००० रुपये काढायला गेलं. यंत्राने नोटा दिल्या नाहीत, पण मोबाइलवर पैसे कापल्याचा संदेश आला. १९ तारखेला ५,००० रुपये खात्यात परत जमा झाले. ग्राहक सुटकेचा नि:श्वास टाकतो आणि बँक तक्रार निकाली काढते. पण हिशेब इथे संपत नाही. त्या ग्राहकाचे अजून १,१०० रुपये बँकेकडे आहेत.

रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक हेच सांगतं. एटीएममधून पैसे निघाले नाहीत आणि खात्यातून मात्र गेले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत जमा झाले पाहिजेत. म्हणजे वरच्या उदाहरणात ८ तारखेपर्यंत. त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये. ८ ते १९ हा उशीर ११ दिवसांचा. अडकलेली रक्कम ५०० असो की ५,०००, दर तोच. दिवस मोजायचे ते कॅलेंडरचे. मधला रविवार किंवा सणाची सुट्टी वजा होत नाही.

याच परिपत्रकातलं एक वाक्य फार महत्त्वाचं आहे. ही भरपाई बँकेने स्वतःहून खात्यात जमा करायची, ग्राहकाच्या तक्रारीची किंवा मागणीची वाट न पाहता. २०११ च्या नियमात घड्याळ तक्रारीपासून सुरू व्हायचं. बँकेला कामकाजाचे सात दिवस मिळायचे आणि ग्राहकाने ३० दिवसांत तक्रार केली नसेल तर भरपाई नाही. आता घड्याळ व्यवहाराच्या दिवसापासूनच चालतं. तरीही काउंटरवर आजही ऐकायला मिळतं ते जुनंच: ‘अर्ज केला होता का?’ आणि रक्कम परत आलेली असेल तर, ‘आले ना पैसे, मग आता काय?’ पैसे कोणत्या दिवशी गेले आणि कोणत्या दिवशी परत आले, या दोन्ही तारखा बँकेच्याच नोंदीत असतात. वजाबाकी करायला ग्राहकाचा अर्ज कशाला लागतो?

यूपीआयमध्ये मुदत ठरते ती पैसे कुणाला पाठवले यावर. यावलला राहणाऱ्या भावाच्या खात्यात पाठवलेले पैसे तुमच्याकडून कापले गेले आणि त्याला पोहोचले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत परत यायला हवेत. किराणा दुकानातला कोड स्कॅन केला, पैसे गेले, पण दुकानदाराला पुष्टी मिळाली नाही, तर मुदत पाच दिवसांची. दोन्ही व्यवहार ३ तारखेचे आणि दोन्हींचे पैसे ९ तारखेला परत आले, तर भावाच्या व्यवहारात उशीर पाच दिवसांचा, भरपाई ५०० रुपये. दुकानाच्या व्यवहारात उशीर एकच दिवसाचा, भरपाई १०० रुपये. म्हणून अर्जात ‘यूपीआय फेल झाला’ एवढंच लिहून भागत नाही. पैसे व्यक्तीला पाठवले होते की दुकानाला, हे स्पष्ट लिहायला हवं.

चूक ग्राहकाची असेल तर हा नियम लागू होत नाही, हेही सांगायला हवं. चुकीच्या नंबरवर पाठवलेले आणि तिथे जमा झालेले पैसे म्हणजे फसलेला व्यवहार नव्हे. दुकानदाराला पैसे मिळाले, पण त्याने माल दिला नाही किंवा परतावा रखडवला, तर ते भांडण त्या दुकानदाराशी. ही भरपाई आहे ती संपर्क तुटणं, यंत्रात रोकड नसणं, व्यवहाराची वेळ संपून तो अर्धवट राहणं अशा, ग्राहकाच्या हातात नसलेल्या कारणांसाठी.

भरपाई आली की नाही, हे पासबुकात लगेच कळतं. परत आलेल्या रकमेबरोबर किंवा तिच्या मागेपुढे भरपाईची वेगळी नोंद दिसली पाहिजे. ती नसेल तर शाखेत लेखी अर्ज द्यावा. त्यात व्यवहाराची तारीख, व्यवहार क्रमांक, पैसे परत आल्याची तारीख आणि उशिराच्या दिवसांचा हिशेब मांडावा, २०१९ च्या परिपत्रकाचा उल्लेख करावा आणि पोच घ्यावी. ‘कृपया चौकशी व्हावी’ असं मोघम लिहू नये, रुपयांचा आकडा लिहून मागावा. तक्रार फोनवर केली असेल तर तिचा क्रमांक जपून ठेवावा. बँकेने नकार दिला किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. मूळ रक्कम परत आली म्हणून शाखेने तक्रार बंद केली असेल, तरी भरपाईची मागणी बंद होत नाही.