पुडी, बाटली आणि बाजाराचा दिवस

आठवडे बाजाराच्या दिवशी कोणत्याही तालुक्याच्या गावातील किराणा दुकानासमोर अर्धा तास उभे राहावे. दुकानाच्या चौकटीला रंगीबेरंगी पुड्यांच्या माळा लटकलेल्या असतात. शेतमजूर स्त्री येते, तेल, साखर, चहापूड घेते आणि शेवटी माळेकडे बोट दाखवून चार पुड्या तोडून मागते. ती नाव घेत नाही, रंग सांगते. पुण्या-मुंबईतील गृहिणी तोच शॅम्पू महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बाटलीने आणते, आणि आता तर पुष्कळदा दूरध्वनीवर बोट टेकवून दारात मागवते. वस्तू एकच, परंतु खरेदीचा प्रसंग, ती वस्तू कळण्याचे साधन आणि तिच्यावर विश्वास ठेवण्याचे कारण या तिन्ही गोष्टी भिन्न आहेत. ग्रामीण ग्राहक म्हणजे खिशात कमी पैसे असलेला शहरी ग्राहक, अशी समजूत करून घेतलेल्या अनेक कंपन्यांनी येथेच मार खाल्ला आहे.

प्रथम प्रसंगाचा विचार करू. नोकरदाराचे घर पगाराच्या तारखेवर चालते. शेतमजुराची मजुरी अनेक ठिकाणी आठवड्याने, बाजाराच्या दिवशीच चुकती होते. मजुरी मागताना 'बाजार करायला पैसे द्या' असेच म्हटले जाते, ते उगीच नव्हे. ज्याच्या हाती सात दिवसांची रोकड येते, तो महिन्याची वस्तू घेऊ शकत नाही. शेतकऱ्याचे चक्र आणखी वेगळे. कापूस, सोयाबीन विकले गेले, उसाचे बिल निघाले की कपडालत्ता, भांडी, दुचाकी यांची खरेदी होते. मधला काळ उधारीच्या वहीवर जातो. महिनाअखेरीस विक्रीचे लक्ष्य गाठण्यासाठी शहरी विक्री प्रतिनिधी गावातील दुकानदाराकडे माल लोटतो, तेव्हा तो माल पुढील सुगीपर्यंत फळीवर धूळ खात पडतो.

पुडीचा जन्म या साप्ताहिक रोकडीतून झाला. तिचा हिशेब मात्र वाचकांना चकित करील. लहान मापाची वस्तू नेहमी महाग पडते, असा आपला समज असतो आणि चहा, तेल, धुण्याची पावडर यांच्या बाबतीत तो बहुधा खराही ठरतो. शॅम्पूचे तसे नाही. एक रुपयाच्या पुडीत पाच ते सहा मिलिलीटरच्या आसपास द्रव असतो, म्हणजे शंभर मिलिलीटरला सतरा ते वीस रुपये पडतात. त्याच नावाच्या बाटलीला याच्या दुपटीहून अधिक मोजावे लागतात, असे पुष्कळदा आढळते. शंका असल्यास पुडी आणि बाटली यांच्या मागील छापील माप व किंमत ताडून पाहावी. पुड्यांच्या बाजारात स्पर्धा तीव्र आहे आणि रुपयाच्या नाण्यापलीकडे किंमत नेता येत नाही. बाटलीचा ग्राहक हिशेब करीत नाही. शहाणा कोण, हे ज्याचे त्याने ठरवावे!

हे नाण्याचे बंधन किती पक्के आहे, ते २२ सप्टेंबर २०२५ रोजी दिसून आले. त्या दिवसापासून शॅम्पू, साबण, टूथपेस्ट यांवरील वस्तू व सेवा कर अठरा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आला. सरळ हिशेबाने रुपयाची पुडी एकोणनव्वद पैशांना मिळावयास हवी होती. पण अकरा पैसे परत द्यायचे कसे? अशा ठिकाणी कंपन्यांना किंमत तीच ठेवून आतील वजन वाढविण्याचा मार्ग जवळचा वाटला. हाच मार्ग उलट दिशेनेही चालतो. कच्चा माल महागला की किंमत न हलता वजन घटते, आणि रंगावरून वस्तू ओळखणाऱ्या ग्राहकाला ते कळतही नाही.

आता माहिती पोहोचते कशी? तामिळनाडूतील कडलूरचे सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली अवघ्या पंधरा हजार रुपयांवर 'चिक' शॅम्पूचा व्यवसाय सुरू केला. मोठ्या कंपन्यांशी जाहिरातीत टक्कर देणे त्यांना शक्य नव्हते. त्यांची माणसे दक्षिणेतील खेड्यांत गेली. तेथे केस साबणाने धुतले जात. त्यांनी चारचौघांत एका मुलाचे केस शॅम्पूने धुऊन दाखविले आणि जमलेल्यांना हात लावून, वास घेऊन पाहण्यास सांगितले. पुढे रिकाम्या पुड्या दुकानात आणून दिल्यास एक भरलेली पुडी फुकट, अशी योजना काढली; प्रारंभी कोणत्याही कंपनीच्या पुड्या चालत, नंतर फक्त 'चिक'च्या. शहरात तीस सेकंदांची चित्रफीत जे काम करते, ते येथे ओल्या केसांवरून फिरलेल्या हाताने केले. वीज आणि दूरचित्रवाणी यांची वानवा असलेल्या बिहारमध्ये पुढे एका बड्या कंपनीने मोबाइलचा आधार घेतला. ग्राहकाने विशिष्ट क्रमांक लावून बंद करायचा आणि कंपनीने उलट दूरध्वनी करून गाणी, विनोद व त्यांच्यामध्ये आपल्या जाहिराती ऐकवायच्या. आज खेड्यातही चित्रफिती हातातल्या पडद्यावर पाहिल्या जातात. तरीही पाहणे आणि घेणे यांच्यामध्ये दुकानदार उभा असतोच.

विश्वासाचा प्रश्न येथे येतो. शहरात ग्राहक नावावर विसंबतो, गावात नाव सांगणाऱ्या माणसावर. दुकानदार उधार देतो, अडीनडीला उभा राहतो. त्याने पुढे केलेली वस्तू परत करणे अवघड जाते. या भिडेचा लाभ हुबेहूब दिसणारा माल खपविणारे घेतात. रंग तोच, अक्षरांचे वळण तेच, नावात एखादाच काना-मात्रा वेगळा. आणि दुकानदाराला नफा मात्र मूळ मालापेक्षा कितीतरी अधिक.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे फार पूर्वी आला होता. लाहोरमध्ये प्रसिद्धीस आलेल्या 'अमृतधारा' या औषधाच्या मालकांनी 'लक्ष्मणधारा' या नावाच्या नोंदणीला हरकत घेतली. उच्च न्यायालयाला दोन्ही नावे पुरेशी भिन्न वाटली, कारण अमृत आणि लक्ष्मण यांचे अर्थ कोणत्याही भारतीयाला वेगळे कळतात. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. ही औषधे घेणारा खेड्यातील वा शहरातील सामान्य माणूस शब्दाची फोड करीत बसत नाही, त्याच्या मनात नावाची पुसट आठवण असते आणि एकंदर साम्याने तो फसू शकतो, असा त्या निकालाचा आशय होता. गंमत अशी की, एवढे मान्य होऊनही 'लक्ष्मणधारा'ला उत्तर प्रदेशापुरती नोंदणी मिळाली, कारण ती अनेक वर्षे उघडपणे विकली जात असताना मूळ मालक गप्प राहिले होते. नक्कल चालू दिली की हक्कही क्षीण होतो.

बाजाराच्या दिवशी घाईगर्दीत असा माल सर्वांत अधिक सरकतो. अस्सल पुडीवर बहुधा उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ माप, कमाल किंमत, निर्मितीचा महिना व वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला असतो. नकली पुडीवर बहुधा 'चे उत्पादन'च्या आधी प्रसिद्ध नावाशी जुळणारे भलतेच नाव बारीक अक्षरांत असते. तो बारीक मजकूर कंदिलासारख्या मंद दिव्याखाली, संध्याकाळची गाडी चुकू नये म्हणून धावणाऱ्या बाईने वाचावा, ही अपेक्षा व्यर्थ आहे. तिच्या घरातील शाळकरी मुलगी मात्र तो मजकूर वाचू शकते, आणि फसवणूक उघडकीस आल्याच्या गोष्टी ऐकल्या तर त्यांत पुडी प्रथम उलटून पाहणारे अनेकदा असे एखादे मूलच असते.