झेल सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी

१ मार्च २०२५, जामठा. रणजी करंडकाच्या अंतिम सामन्याचा चौथा दिवस होता. विदर्भाच्या दुसऱ्या डावात दोन गडी स्वस्तात गेले होते आणि करुण नायर ३१ धावांवर खेळत होता. एडन ॲपल टॉमच्या चेंडूला त्याच्या बॅटची कड लागली, चेंडू स्लिपमध्ये गेला आणि केरळच्या अक्षय चंद्रनच्या हातातून सुटला. आमच्या उमरेडमध्ये त्या क्षणी जो हुंकार उठला तो आनंदाचाच होता, हे कबूल केलं पाहिजे. आम्ही विदर्भाची माणसं. पण हुंकार विरल्यावर माझं लक्ष नायरकडे नव्हतं. ज्याच्या हातून झेल सुटला त्याला अजून दीड दिवस तिथेच उभं राहायचं होतं.

पाच दिवसांच्या क्रिकेटचा हा क्रूरपणा टीव्हीवर दिसत नाही. त्या संध्याकाळी खेळ थांबला तेव्हा नायर १३२ वर नाबाद होता. म्हणजे केरळचे खेळाडू हॉटेलवर गेले, जेवले, झोपले आणि सकाळी मैदानात उतरले तेव्हा समोर तोच फलंदाज गार्ड घेत होता. त्या सकाळी तो आणखी तीनच धावा करून आदित्य सरवटेच्या चेंडूवर यष्टिचीत झाला. सरवटे नागपूरचा, त्या मोसमात केरळकडून खेळणारा. ही गंमत वेगळीच. हिशेब मांडायचा तर सुटलेल्या झेलाची किंमत १०४ धावा.

पण हा हिशेब खरा आहे का? सामना अनिर्णित राहिला आणि करंडक विदर्भाला मिळाला तो पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर. ती आघाडी झेल सुटण्याच्या आधीच ठरलेली होती. नायर ३१ वर गेला असता तर केरळला जिंकण्याची वाट उघडली असती, इतकंच म्हणता येतं. त्याआधी केरळचा कर्णधार सचिन बेबी ९८ वर असताना उंच फटका मारायला गेला आणि बाद झाला. पकडणारा पुन्हा करुण नायरच. सामना संपल्यावर बेबीने त्या बाद होण्याची जबाबदारी स्वतःवर घेतली. कर्णधाराने असं केलं की संघातल्या बाकीच्यांना आपापली चूक सांगायला जागा होते. झेल सोडणाऱ्यालाही.

स्लिपमधल्या झेलाला एक सवलत असते. वेगवान गोलंदाजाच्या चेंडूला कड लागून तो स्लिपपर्यंत यायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात विचार होत नाही. सवयीचे हात हलतात किंवा हलत नाहीत. खरी परीक्षा उंच उडालेल्या चेंडूची. तो तीन-चार सेकंद हवेत असतो आणि तेवढ्यात माणूस चूक करायला पूर्ण मोकळा असतो.

आमच्या गावातल्या एका पोराची गोष्ट याच तीन-चार सेकंदांची आहे. नाव लिहीत नाही. गाव लहान आहे, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. हिवाळ्यातली टेनिस बॉलची नाईट टूर्नामेंट, फायनल, शेवटचं षटक. समोरच्या संघाला दोन चेंडूंत चार धावा हव्या होत्या आणि त्यांचा एकच गडी उरला होता. झेल घेतला की सामना तिथेच संपणार. हा लाँग ऑनला सीमारेषेपासून दहा पावलं आत उभा. चेंडू सरळ त्याच्या दिशेनेच उडाला.

बघणाऱ्याला वाटतं, अंगावर आलेला झेल सोपा. उलट आहे. चेंडू बाजूने जात असला की त्याची कमान दिसते, कुठे पडणार ते कळतं. सरळ समोरून येणारा चेंडू नुसता वर चढताना दिसतो. अशा वेळी जुने खेळाडू सांगतात ते एकच: पहिल्या क्षणी पाय हलवू नको. चेंडू नजरेत अधिकाधिक वेगाने वर चढत गेला तर तो डोक्यावरून जाणार. चढणं लवकर थांबलं आणि तो खाली उतरू लागला तर पुढे पडणार. हे कळायला थोडा वेळ द्यावा लागतो. पण फायनलच्या शेवटच्या षटकात पाय जागेवर ठेवणं कुणाला जमतं?

हा चार पावलं पुढे धावला. मग कळलं, मागे जायला हवं होतं. उलट्या पावलांनी मागे सरकताना मान मागे वाकलेली, तोल गेलेला, हात डोक्याच्या वर. चेंडू तळव्यांना लागला आणि तसाच, जमिनीवर न टेकता, दोरीपलीकडे गेला. क्षेत्ररक्षकाचा हात लागून गेला तरी नियमाप्रमाणे तो षटकारच. म्हणजे त्याने झेल सोडला एवढंच नाही, चेंडू सीमेपार ढकललाही त्यानेच.

त्या रात्री तो कुणाशी न बोलता घरी गेला. दुसऱ्या दिवशी मात्र बाहेर पडावंच लागलं, कारण संघाची किट बॅग त्याच्याकडे होती आणि संध्याकाळी उपविजेत्याच्या बक्षिसाची वाटणी व्हायची होती. चहाच्या टपरीवर सगळे जमलेले. तिथे जे झालं ते मला त्यांच्यातल्याच एकाने सांगितलं. कुणी शिवी दिली नाही. एरवी फुल टॉस पडला तरी एकमेकांची सात पिढ्यांची चौकशी करणारी ही पोरं त्या दिवशी फार सभ्य वागत होती. "बस ना भाऊ", "चहा घे ना भाऊ". संघातल्या पोराला अचानक भाऊ म्हणू लागले की समजावं, मनात अजून राग आहे.

शेवटी ज्याच्या गोलंदाजीवर झेल सुटला तोच बोलला. "लाइट डोळ्यात गेला काय बे?"

ही पळवाट होती आणि ती देणाऱ्यालाही ठाऊक होतं. नाईट टूर्नामेंटमध्ये हॅलोजनच्या वर गेलेला चेंडू क्षणभर दिसेनासा होतो, हे सगळ्यांनी अनुभवलेलं. "हो" म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. निदान तोंडावर तरी.

तो म्हणाला, "नाही. बॉल पुरा दिसून राहिला होता. मीच समोर धावलो."

मला हे उत्तर त्या सामन्यापेक्षा मोठं वाटतं, कारण त्यानंतर बोलणं मोकळं झालं. लाइट डोळ्यात गेला असता तर त्यावर कुणी काय बोलणार? समोर धावला म्हटल्यावर प्रत्येकाकडे बोलायला काही होतं. यष्टिरक्षक म्हणाला, मी "मांगं" म्हणून ओरडलो होतो. तुझा आवाजच आला नाही, हा म्हणाला. कर्णधाराने मान्य केलं की लाँग ऑनला दोरीला टेकूनच उभं करायला हवं होतं. चौकार-षटकारच वाचवायचा होता तर दहा पावलं आत ठेवलं कशाला? आणि मग गोलंदाजाने, जरा उशिरा, सांगितलं की तो चेंडू यॉर्कर टाकायचा होता, पडला अर्ध्या खेळपट्टीवर.

तिथून भांडण सुरू झालं. चांगलं खणखणीत, शिव्यांसकट. टपरीवाल्याने दोनदा दटावलं. बक्षिसाची वाटणी त्या दिवशी राहूनच गेली.

पुढच्या रविवारी मैदानावर गोलंदाजच बॅट घेऊन उंच चेंडू उडवत होता आणि हा लाँग ऑनला उभा होता. दोन घेतले, एक सुटला. सुटलेल्यावर गोलंदाज लांबून ओरडला, "पहिले एक पाऊल मांगं, बे! सांगून राहिलो ना!"

"तू पहिले यॉर्कर टाकून दाखव," हा तिकडून ओरडला.