नंबर नको, वेळ सांगा

शहरातून मोठे डॉक्टर आपल्या गावात महिन्या-दोन महिन्यांनी येऊन जातात. ते येण्याच्या आठवडाभर आधी दवाखान्याच्या दारावर कागद लागतो, ‘मधुमेहतज्ज्ञ अमुक रविवारी येत आहेत, सर्व रुग्णांनी सकाळी ९ वाजता उपस्थित राहावे.’ वाचकहो, असे कागद मी स्वतः अनेक वर्षे लावले. गेल्या वर्षीच्या कागदात तर मी ‘उपाशीपोटी यावे’ असेही लिहिले होते, कारण साखरेची तपासणी त्याच दिवशी उरकायची होती. त्या दोन शब्दांनी काय केले ते आधी सांगतो.

त्या रविवारी पंचेचाळीस माणसे जमली. पाहुणे डॉक्टर साडेनऊला आले. पावणेबाराच्या सुमारास आमचा कंपाउंडर आत धावत आला, “डॉक्टरसाहेब, बाकावरच्या मावशी कायतरी बडबडतायत.” पंचावन्नच्या आसपास वयाच्या त्या बाई घामाने चिंब झाल्या होत्या, हात थरथरत होते, स्वतःच्या गावाचे नाव नीट सांगता येत नव्हते. बोटातून रक्त घेऊन पाहिले तर साखर ४८. (७० च्या खाली गेली की ती कमी समजतात.) गिळता येत होते म्हणून चार चमचे साखर पाण्यात घालून पाजली. पंधरा मिनिटांनी ८२ झाली, मग पोहे दिले. शुद्ध गेली असती तर तोंडाने काही देता आले नसते, शिरेतून ग्लुकोज द्यावे लागले असते.

चौकशी केली तेव्हा कळले की बाईंनी रोजच्याप्रमाणे सकाळी साडेसातला इन्सुलिन टोचून घेतले होते आणि कागदावर लिहिल्याप्रमाणे काही न खाता त्या आल्या होत्या. त्यांचा नंबर होता एकतिसावा. त्यांच्या मुलाने मला एकच विचारले, “नंबर दुपारी लागणार हे तुम्हाला माहीत होतं ना?” माझ्याकडे उत्तर नव्हते. माहीत होते. सर्वांनाच नऊला बोलावले म्हणजे शेवटच्या माणसाचा अख्खा दिवस बाकावर जाणार, हे सांगायला गणित लागत नाही.

मग सर्वांना नऊला का बोलावतात? डॉक्टर रिकामे बसू नयेत म्हणून. ही खोड आपलीच आहे असेही नाही. इंग्लंडमध्ये बेली आणि वेल्च या दोघांनी १९५२ साली रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागाचा अभ्यास केला. डॉक्टरांचे एक मिनिट वाया जाऊ नये म्हणून रुग्णांचे तास वाया घालवले जातात, असेच त्यांना आढळले. त्यांनी सुचवलेला उपाय सोपा होता. सुरुवातीला दोघांना एकदम बोलवा आणि पुढच्या प्रत्येकाला, एका तपासणीला सरासरी जेवढा वेळ लागतो तेवढ्या अंतराने एकेक बोलवा. पहिला आत असताना दुसरा बाहेर तयार असतो. एखाद्याचे काम लवकर आटोपले तरी डॉक्टरांना वाट पाहावी लागत नाही आणि बाहेर गर्दीही होत नाही.

पण सरासरी वेळ किती, हे आधी कळायला हवे. आम्हा डॉक्टरांना विचाराल तर आम्ही ‘पाच मिनिटे’ म्हणू. त्यावर विश्वास ठेवू नका. मी कंपाउंडरला भिंतीवरचे घड्याळ पाहून दोन महिने नोंदी ठेवायला लावल्या. रुग्ण उंबऱ्याच्या आत आला की वेळ लिहायची आणि पुढचा आत आला की पुन्हा लिहायची. म्हणजे चप्पल काढणे, पिशवीतून कागद शोधणे आणि दाराशी पोचल्यावर “डॉक्टर, जाता जाता एक विचारू का?” हे सगळे त्यात आले. जुन्या रुग्णाला सरासरी दहा मिनिटे लागत होती, नव्याला वीस.

आता दिवस मोजू. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच म्हणजे ४८० मिनिटे. जेवणाची ४० आणि दोन चहांची २० वजा केली की ४२० उरतात. त्यातली ६० मिनिटे मी मुद्दाम कोणालाच दिली नाहीत. वीस-वीस मिनिटांच्या तीन मोकळ्या जागा ठेवल्या. यावरून माझे आणि पाहुण्या डॉक्टरांचे थोडे वाजले. त्यांचे म्हणणे, तेवढ्यात आणखी सहा जण होतील. पण दिवसभरात कोणाचे तरी काम लांबणारच, फक्त कोणाचे ते आधी कळत नाही. जागा मोकळी नसेल तर अकरा वाजता झालेला उशीर पाच वाजेपर्यंत प्रत्येकाला भोगावा लागतो. उरली ३६० मिनिटे. त्यात वीस जुने आणि आठ नवे, एकूण अठ्ठावीस. गेल्या वर्षीपेक्षा सतरा कमी. ज्यांची साखर आटोक्यात होती आणि फक्त गोळ्या लिहून हव्या होत्या, त्यांना मीच आधीच्या आठवड्यात तपासले, बाकीच्यांना पुढच्या खेपेची वेळ दिली. या नकाराबद्दल मला बरेच ऐकावे लागले. पण पंचेचाळीस जणांना बोलावणे म्हणजे त्यातल्या सतरा जणांना खोटे सांगणे होते.

रांग अशी लावली. नऊ ते १०.४० दहा जुने रुग्ण. मग चहा आणि पहिली मोकळी जागा. ११.१० पासून चार नवे, त्यानंतर दुसरी मोकळी जागा आणि १२.५० ला जेवण. दीड वाजता पुन्हा चार नवे, मग तिसरी मोकळी जागा, चहा आणि ३.२० ते पाच उरलेले दहा जुने. नवे रुग्ण सकाळी पहिल्यांदा घेतले तर घोटाळा होतो. नव्याचे काम किती वेळ चालेल याचा भरवसा नसतो, म्हणून त्यांच्या पाठीमागे लगेच मोकळी जागा हवी.

कोणाला कोणती वेळ द्यायची, हे ठरवताना एस. टी. चे वेळापत्रक समोर ठेवले. खेड्यांतली पहिली गाडी ९.४० ला येते, शेवटची ४.३० ला सुटते. म्हणून नऊची आणि साडेचारनंतरची वेळ फक्त गावातल्यांना. इन्सुलिन घेणाऱ्यांना एक तर नाश्ता करून सकाळी, नाही तर जेवून दुपारी. जेवणाच्या तोंडावर त्यांच्यापैकी कोणीही नाही. आणि उपाशीपोटीचा प्रश्न मुळातच काढून टाकला. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर तीन दिवस आधी आपापल्या सोयीने तपासून घ्यायची आणि त्या दिवशी फक्त कागद आणायचा. तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या तपासणीला तर उपाशी राहावेच लागत नाही.

वेळ कळवण्यातही मी आधी चुका केल्या आहेत. ‘दहा ते बारा’ असे सांगितले की अर्धे लोक दहाला येतात आणि अर्धे पावणेबाराला. मुद्दाम अर्धा तास आधीची वेळ सांगण्याची युक्तीही दोनदाच चालते, तिसऱ्यांदा लोक अर्धा तास उशिरा येतात. आता चिठ्ठीवर दोन ओळी असतात, ‘तपासणी ११.३०. दवाखान्यात ११.१५ ला या.’ खाली, ‘नाश्ता व नेहमीचे औषध घेऊन यावे.’ आदल्या संध्याकाळी कंपाउंडर प्रत्येकाला फोन करतो आणि वेळ त्यांच्याच तोंडून वदवून घेतो. नुसते “हो हो” म्हणणाऱ्याने ऐकलेले असतेच असे नाही.

दारावरच्या फळ्यावर मात्र नाव लिहायचे नाही. पूर्वी मी नावांची यादी लावत असे. त्या यादीत लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या एका मुलीचे नाव कोणीतरी वाचले आणि ते तिच्या ठरत आलेल्या सोयरिकीपर्यंत पोचले. सांगायचे की नाही, कधी आणि कसे, हे त्या घराने ठरवायचे होते, माझ्या फळ्याने नव्हे. आता फळ्यावर फक्त क्रमांक आणि वेळ असते. क्रमांक कोणाचा, ते चिठ्ठीवाल्यालाच ठाऊक.

फळ्याच्या कोपऱ्यात दर तासाला एक आकडा बदलतो, तो म्हणजे आम्ही किती मिनिटे मागे आहोत. वीसच्या वर गेला की बाहेर सांगायचे, “अर्धा तास उशीर आहे, चहा घेऊन या.” उशिरा येणाऱ्याला पुढच्या मोकळ्या जागेत घ्यायचे, वेळेवर आलेल्याच्या आधी नाही. हा नियम पुढाऱ्यांच्या माणसांनाही लागू, असे मी जाहीर केले होते. दोघांनी तो पाळला, एकाने पाळला नाही. असो.

या वर्षीचा दिवस ठरवल्यासारखाच गेला असे म्हणणार नाही. ११.५० ला आत गेलेल्या एका शेतकऱ्याच्या तळपायाला जखम निघाली. पायाला संवेदना नसल्याने त्याला ती ठाऊकच नव्हती. साफसफाई, पट्टी आणि शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना चिठ्ठी यात वीसऐवजी चाळीस मिनिटे गेली. १२.१० च्या माणसाला साडेबाराला आत घेतले, तो १२.५० ला बाहेर आला आणि जेवण वेळेवर झाले. मोकळी ठेवलेली वीस मिनिटे तिथे कामी आली. गेल्या वर्षीसारखी गर्दी असती तर डॉक्टरांनी त्याला बूट काढायला सांगितले असते का, हे मी खात्रीने सांगू शकत नाही.

अठ्ठावीसपैकी दोघे आले नाहीत. शेवटचा रुग्ण पाच वाजून दहा मिनिटांनी गेला. सर्वांत जास्त थांबावे लागले ते पस्तीस मिनिटे. एक आजोबा मोकळे बाक पाहून कंपाउंडरला हळूच म्हणाले, “हे डॉक्टर चालत नाहीत वाटतं?”

या पद्धतीची एक दुखरी बाजू आहे. पाहुण्या डॉक्टरांचीच गाडी दोन तास लेट झाली तर यातले काहीही टिकत नाही. तेव्हा ते निघाल्याचा फोन आल्याशिवाय खेड्यांतल्या लोकांना घर सोडू द्यायचे नाही, एवढेच हाती उरते.

गेल्या वर्षीच्या त्या मावशींना १०.१० ची वेळ दिली होती. भाकरी खाऊन, ९.४० च्या गाडीने त्या आल्या, साडेदहाला बाहेर पडल्या आणि चिठ्ठी परत करताना म्हणाल्या, “पुढच्या बारीला बी ह्योच टाइम लिवा.” लिहून ठेवला आहे.