नोटीस ठेकेदाराला, हिशेब कामगाराचा

चाकण-रांजणगावच्या पट्ट्यात एखाद्या कंपनीचा प्रकल्प संपत आला, की ती खबर सर्वांना एकाच दिवशी कळत नाही. करारात महिन्याच्या नोटिशीची अट असेल तर कंपनी मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीला वेळेत पत्र पाठवते. एजन्सी ते आपल्या सुपरवायझरला सांगते. कामगाराला मात्र बऱ्याचदा शेवटच्या आठवड्यात कळते, नाहीतर सकाळी गेटवर पास चालेनासा झाला म्हणजे. पैशांचे विचारले, तर ठरलेले उत्तर मिळते: ‘कंपनीकडून बिल पास झालं की फुल अँड फायनल करू.’

या उत्तराला कायद्यात आधार नाही. कामावरून कमी केलेल्या माणसाचे वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचे, हे वेतन संहितेचे कलम १७ सांगते. चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. पण दुसऱ्या कामाच्या दिवसाचा हा दंडक १९३६ च्या वेतन कायद्यातही होताच. समजा, काम मंगळवारी ३० जूनला संपले, तर गुरुवारी २ जुलैला पैसे हातात हवेत. कंपनी एजन्सीचे बिल ४५ दिवसांनी भागवते की ९० दिवसांनी, हा त्या दोघांमधला व्यवहार आहे. ठेकेदाराने वेतन थकवले, तर ते मूळ मालकाने, म्हणजे कंपनीने, द्यावे आणि ठेकेदाराकडून वसूल करावे, अशी तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती. तीच पुढे व्यवसाय सुरक्षा संहितेच्या कलम ५५ मध्ये आली.

मग कंपन्या गप्प का बसतात? कारण वकिलांनी त्यांना घाबरवलेले असते. कंत्राटी कामगाराला थेट पत्र दिले, की उद्या तो ‘मीच तुमचा कामगार, एजन्सी नुसती नावाला’ असा दावा करेल. ही भीती अगदीच पोकळ नाही. ठेका निव्वळ देखावा असल्याचे सिद्ध झाले, तर कामगार मूळ मालकाचा ठरू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या स्टील अथॉरिटी खटल्यात स्पष्ट केले आहे. पण त्यावर उपाय मौनाचा नाही. गेटजवळच्या फलकावर मराठी आणि हिंदीत साधी माहिती लावता येते: अमुक एजन्सीचा ठेका अमुक तारखेला संपतो, अंतिम हिशेब एजन्सी या तारखेला या ठिकाणी देईल, न मिळाल्यास इथे लेखी कळवा. यात कोणाला कामावरून काढल्याचा शब्दही नाही. एजन्सीला पाठवायच्या पत्रातही शेवटच्या तारखेसोबत कामगारनिहाय हिशेबाची यादी मागावी आणि वेतन वाटताना कंपनीचा प्रतिनिधी हजर राहील, असे लिहावे. जुन्या नियमांत तर ‘माझ्यासमक्ष दिले’ असा दाखला त्या प्रतिनिधीने वेतन नोंदवहीवर सही करून द्यायचा असे. ही सही बहुतेक ठिकाणी नंतर, टेबलावर बसून होते, हे उघड गुपित आहे.

हिशेबात नेमके काय बुडते? एक नमुना घेऊ. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १८ हजार रुपये घेणारा कामगार, शिल्लक रजा १२ दिवस. महिन्याचे २६ दिवस धरले, तर दिवसाचे ६९२ रुपये होतात आणि रजेचेच ८,३०८ रुपये निघतात. पगार मिळाला म्हणून खुशीत घरी जाणाऱ्याला हे पैसे आठवतही नाहीत. त्यात गणवेश आणि ओळखपत्राची कपात होते आणि ‘सर्व रक्कम मिळाली’ अशा कोऱ्या पावतीवर सही आधीच घेतलेली असते.

सर्वांत मोठा खड्डा ग्रॅच्युइटीचा आहे. हाच माणूस त्याच गेटमधून सात वर्षे आत जात असेल, तर दरवर्षी १५ दिवसांच्या वेतनाप्रमाणे त्याचे सुमारे ७२,७०० रुपये होतात. पण दर दोन-तीन वर्षांनी एजन्सी बदलली गेली. यंत्र तेच, लाइन तीच, पगारपत्रकावरचे नाव मात्र तिसरे. एकाही एजन्सीकडे पाच वर्षे भरत नाहीत, म्हणून तिघीही हात वर करतात. नव्या संहितेत मुदतबंद नेमणुकीला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे. तेव्हा नेमणूकपत्रात मुदत लिहिली आहे का, हे पाहून ठेवावे. पत्रच दिले नसेल, तर तीच पहिली तक्रार.

भविष्यनिर्वाह निधीचे दुखणे वेगळे आहे. एजन्सीने कामगाराची काम सोडल्याची तारीख पोर्टलवर भरली नाही, तर पैसे काढताना दावा अडतो. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी सदस्याला ती तारीख स्वतःही भरता येते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

कंपनीच्या हातात एक हुकमी पान आहे: एजन्सीचे शेवटचे बिल. कामगारांच्या बँक खात्यांत पैसे जमा झाल्याचा पुरावा आणि निधीचे नावनिशीवार चलन आल्याशिवाय ते बिल सोडायचे नाही, अशी अट करारात आधीच घालता येते. ती नसेल, तर कामगाराला तीन वर्षांच्या आत प्राधिकाऱ्याकडे दावा लावता येतो. थकीत रकमेबरोबर तिच्या दहापटीपर्यंत भरपाई देववण्याचा अधिकार प्राधिकाऱ्याला आहे. दावा एजन्सी आणि कंपनी दोघांविरुद्ध लावावा, कारण सुनावणीपर्यंत एजन्सीच्या भाड्याच्या कार्यालयावर दुसरीच पाटी लागलेली असू शकते.